गाडीवाल्याचा रकाना

मातेच्या कार्डावर एक रकाना असतो. अडचण आली तर कोणती गाडी, गाडीवाल्याचं नाव काय, मोबाईल नंबर काय. मी गावची आशा. तीन वर्सं त्या रकान्यात मी एकाच माणसाचं नाव लिवत आले, आन त्या माणसाला एकदाबी इचारलं न्हाई. तवा ह्या गोष्टीत कुणावर थुंकायचं असंल तर पयली पिंक माझ्यावर टाका. मंग बाकीच्यांचा नंबर लावू.

आमचं गाव वेल्ह्याच्याबी वर, घाटाच्या कडंला. एसटी दिसातनं दोनदा. मोबाईलला रेंज पायजे तर शाळेमागचं टेकाड चढायचं. गावात चारचाकी एकच, माऊलीची बोलेरो. सोसायटीचं खत आणायचं, बोलेरो. कुणाला साप चावला, बोलेरो. लग्नाचं सामान, बोलेरो. मंग बाळंतपणाला दुसरं काय लिवणार? अकरा बायांच्या कार्डावर म्या माऊलीचा नंबर लिवला. अकराच्या अकरा सुखरूप मोकळ्या झाल्या, जाताना खालनं येणाऱ्या वडापच्या जीपनं, येताना सरकारी गाडीनं. माऊलीच्या गाडीची अडीअडचणीला गरज कवा पडलीच न्हाई. म्हणून माझं पाप झाकून राह्यलं.

यंदा आनंदरावाची शेफाली माहेरी आली. तिला नसरापूरला दिलीय, नवरा अमृत शिरवळकडं कंपनीत हाय. पयलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या म्हैन्यात ओटी भरली आन पोरगी वर आणली. हायवेला राहणारी पोर, घरापास्नं धा मिंटांवर सरकारी आरोग्य केंद्र, तितनं पुण्याच्या अंगाला चाळीस मिंटांत आपरेशनचा, रक्ताचा मोठा दवाखाना. तिला उचलून घाटाच्या तोंडाशी आणून ठेवली. का, तर रीत. मीपण तवा काय बोलले न्हाई. हिरवी साडी, चोळी, खारीक-खोबरं बघितलं आन गोड हसून पेढा खाल्ला.

आठव्या म्हैन्यात तिच्या बाळंतपणाची बैठक बसली. बैठकच म्हणायची, कारण पोट शेफालीचं आन बोलणारे समदे बापई. आनंदराव, त्याचे दोन भाऊबंद, आन सुट्टी काढून आलेला अमृत. शेफाली आत चुलीपाशी भाकऱ्या थापत व्हती. तिची आई बाळाबाई तिच्याशेजारी, नेहमीसारखी तोंड मिटून. मी पडवीत जोत्यावर. मला कुणी आत बोलवत न्हाई आन मीबी जात न्हाई. आमची वस्ती गावाखाली, विहाराजवळ. पडवी ही माझी हद्द हाय, हे न सांगता समद्यांना ठाऊक हाय.

अमृत म्हणाला, "हायवेच्या प्रायव्हेट दवाखान्यात नाव घालू. डॉक्टर चोवीस तास असतोय."

"त्यानं काय सांगितलं ते सांग की मामांना," आतनं शेफाली बोलली. पयल्यांदाच तिचा आवाज आला. सासऱ्याला अमृत मामाच म्हणतो.

अमृत जरा अडखळला. "म्हणाला, रिस्क कशाला घेता, तारीख ठरवून सीझर करून टाकू."

पोरीचं रक्त अकराच्या वर, बीपी एकशेधा-सत्तर, साखर न्हाई, सूज न्हाई, बाळाचं डोकं खाली, सोनोग्राफी चांगली. एवढ्या धडधाकट पोरीच्या पोटावर त्या माणसानं कॅलेंडर बघून सुरी ठेवली. गरज असली तर सीझर जीव वाचवतंय, म्या डोळ्यानं बघितलंय. पर गरज असली तर. टमाटं चिरायला तारीख ठरवत्यात तसं न्हाई.

"बघितलंस?" आनंदराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "तितं नेलं की पोट फाडत्यात. आपलं केंद्र काय वाईट हाय? वीस मिंटांवर. शुभांगी सिस्टर हाय. तिच्या हाताला यश हाय. आन काय वाकडंतिकडं झालंच तर दारात माऊलीची गाडी हाय. व्हय का न्हाई गं संजीवनी?"

मी मान डोलावली. कार्ड काढलं, रकान्यात माऊलीचं नाव लिवलं, नंबर तोंडपाठ होता. बारावं कार्ड.

दुसऱ्या आठवड्यात शेफालीला घिऊन केंद्रावर तपासणीला गेले. शुभांगी सिस्टर सातारकडची, बोलायला एकदम सरळ. तिनं पोट मोजलं, ठोके ऐकवले. शेफालीच्या डोळ्यात पाणी आलं. मंग सिस्टरनं कार्ड उघडलं.

"सगळं छान आहे," ती म्हणाली. "ही पोर माझ्याकडं बाळंत होऊ शकते. सरळ बाळंतपण करायला इथं सगळं आहे. बाळ आलं की लगेच इंजेक्शन, मंग वार, मंग दोन तास मी शेजारून हलत नाही. पण एक गोष्ट नीट ऐका. जोखीम कमी म्हणजे शून्य नव्हे. रक्तस्राव सुरू व्हायला बाईला आधीपासनं काही आजार लागत नाही. चांगल्या ठणठणीत बायांना होतो."

"मग?" शेफालीनं विचारलं.

"मग मी इंजेक्शन देणार, सलाईन लावणार, पोटावर दाब धरणार. बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं. नाही थांबलं तर रक्त चढवावं लागतं, कधी ऑपरेशन. ते इथं नाही. आन जोरात जायला लागलं तर बाईच्या हातात दोन तास असतात. दोन. आम्हाला ट्रेनिंगमधे पहिल्या दिवशी हाच आकडा सांगतात."

"पुण्याला जायला इतनं किती लागतं?"

"गाडी दारात उभी असली तर पावणेदोन तास."

मी म्हणाले, "म्हणजे पोचतंय की."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला आवडलं न्हाई. "गाडी दारात उभी असली तर, म्हणाले मी. केंद्राची गाडी एकच आहे, ती दुसऱ्या बाईला घेऊन खाली गेली असली तर? एकशेआठ वेल्ह्याला नसली, विंझरला पेशंट घ्यायला गेली असली तर? ती आधी वर येणार, मग खाली जाणार. संजीवनीताई, अंतर बाई जिथं झोपलीय तिथनं मोजायचं नसतं. गाडी जिथं उभी आहे तिथनं मोजायचं असतं."

एवढी साधी गोष्ट. तीन वर्सं आशा हाय मी, डोक्यात आली न्हाई.

"माऊलीची गाडी हाय की," शेफाली म्हणाली.

"मग ती बाळंतपणाच्या दिवशी केंद्राच्या दारात उभी राहिली पाहिजे. बाळ झाल्यावर दोन तास तरी. तसं त्यांच्याशी बोलणं झालंय ना?" सिस्टरनं मला विचारलं.

"झालंय," म्या खोटं सांगितलं. जीभ झडली न्हाई.

येताना वडापच्या जीपमधे शेफाली हळूच म्हणाली, "काकू, बोलणं झालं न्हाई ना?"

"उद्या जाते," म्या सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माऊलीकडं गेले. सकाळचे नऊ-साडेनऊ. तो अंगणात पाइप लावून गाडी धूत व्हता. पुढं लिंबू-मिरची, आत काचेला वाघजाईचा फोटो. वाघजाई आमची गावदेवी. जत्रेला तिचा चांदीचा मुखवटा गुरवाच्या घरनं देवळात माऊलीच्या गाडीतनं जातो. हा मान त्यानं दोन वर्सांपूर्वी मिळवला आन तवापास्नं माणूस बदलला. पयला जीप चालवायचा, आता देवीचा रथ चालवतोय.

त्याच्या बायकोनं चहा दिला. मला कागदी कपात. घरातली समदी स्टीलच्या कपात पित्यात, माझ्यासाठी फडताळावर कागदी कपांची चळत असती. पयलं माझ्या सासूला करवंटीत मिळायचा. म्हणजे सुधारणा हाय की! पिऊन झालं की मीच चुरगाळून उकिरड्यावर टाकायचा.

"माऊलीभाऊ," म्या सांगितलं, "शेफालीचे दिवस भरत आले. कळा सुरू झाल्या की तुमची गाडी लागंल. केंद्रावर सोडायची आन बाळ झाल्यावर दोन-तीन तास तितंच उभी ठेवायची. वेळ आलीच तर खाली पुण्याला."

त्यानं पाइप बाजूला धरला. "सोडीन की. आनंदराव आपलाच माणूस."

"आन उभी ठेवाल?"

"उभी कशाला?"

"रक्तस्राव झाला तर न्यायला."

"कुणाला?"

"शेफालीला. आन कुणाला, मला?"

माऊली चाकापाशी बसला आन चिखल खरवडायला लागला. माझ्याकडं न बघता बोलला, "हे बघ संजीवनी. पोट घिऊन बसली तर बसवीन. कितीबी लांब म्हण, नेईन. पर बाळंत झाल्यावर न्हाई. सुवेर असतंय. धा दिवस. गाडीत देवी बसती माझ्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे बाळंत व्हायच्या आदी नेणार, नंतर न्हाई?"

"तेच म्हणलं."

"भाऊ, धोका नंतरच असतो! रक्त नंतर जातंय!"

"म्हणूनच तर. सगळी सीट भरंल."

"रेक्झिनची सीट हाय. मी पुसून दीन. माझ्या हातानं."

"रक्त पुसशील. विटाळ कसा पुसशील?"

त्याच्या मागं गाडीची डिकी उघडी व्हती. गेल्या चैतात जत्रेची बोकडं ह्याच डिकीतनं कापून आणली व्हती. रस्त्याभर थेंब पडलेले. दारापुढं थारोळं झालेलं, कुत्री चाटत व्हती, आन माऊली वर उभा राहून वाटे करत व्हता.

"बोकडाचं रक्त चालतंय व्हय?" म्या विचारलं.

"ते देवीचं असतंय."

"देवी बाई हाय, माऊलीभाऊ!"

"तुला न्हाई कळायचं," तो म्हणाला. "तुमच्यात हे पाळत न्हाईत."

विटाळ मला कळायचा न्हाई म्हणे! माझ्या हातात कागदी कप व्हता. म्या तोंडातला चहा परत कपात थुंकला. म्या कप तिथंच, त्याच्या धुतलेल्या बॉनेटवर ठेवला आन निघाले. माझ्या पाठीमागं त्यानं पाइप फिरवल्याचा आवाज आला. कप खाली पडला असंल.

तशीच आनंदरावाकडं गेले. वाटंत मनात एकच व्हतं, बापाला सांगितलं की तो पेटंल. लेकीचा बाप हाय. माऊलीच्या दारात जाऊन चार शिव्या घालंल. आनंदराव पडवीत घेवड्याच्या शेंगा सोलत व्हता. शेफाली खांबाला टेकून, बाळाबाई उंबऱ्यात. म्या शब्द न शब्द सांगितला.

आनंदरावानं शेंगातला दाणा टोपलीत टाकला. "बरोबरच हाय त्याचं," तो म्हणाला.

"काय बरोबर?"

"देवीची गाडी हाय. उद्या जत्रंला काय इघ्न आलं तर समदं गाव आपल्यावर येईल. आन काय व्हतंय गं? हजार बाया बाळंत व्हत्यात. तूच म्हणतीस पोर धडधाकट हाय. सिस्टर हाय, इंजेक्शन हाय. उगं अभद्र बोलू नगं."

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? माऊली परका तरी हाय. हा सख्खा बाप. लेकीला रक्तात टाकून रस्त्याकडं बघत बसायचं, आन तेबी बरोबर! म्या पदर तोंडाला लावला.

शेफालीनं मोबाईल उचलला आन टेकाडाकडं चालायला लागली. आठ म्हैने भरलेलं पोट घिऊन, उन्हात. मी मागनं पळाले. वर रेंज आली तसा तिनं अमृतला फोन लावला आन माऊलीचं सांगितलं. तिकडनं अमृत घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, "मग प्रायव्हेटला नाव घालतो. सीझर तर सीझर."

"न्हाई," शेफाली म्हणाली. "पोट फाडून न्हाई घ्यायचं गरज नसताना. आन हितंबी न्हाई. आपल्या घराजवळचं सरकारी केंद्र. तितंबी सिस्टरच बाळंतपण करत्यात. तिथनं मोठा दवाखाना चाळीस मिंट. रस्ता सरळ. मी तिकडंच येते."

"मामा ऐकतील?"

"बाळ मामांना व्हायचंय का?"

मला हसू फुटलं. पर पोरगी हसत न्हव्हती. तिचे ओठ पांढरे पडले व्हते. म्या तिला टेकाडावर बसवली, पाणी पाजलं. "काकू," ती म्हणाली, "दादा त्याचंच बरोबर म्हणाले. माझा बाप असून."

खाली आलो तर आनंदरावाला कळलंच व्हतं, फोनवरचं बोलणं टेकाडाखाली शाळेपतूर ऐकू येतं. तो उभा राह्यला. "पयलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हणतील? बापाच्या घरात भाकरी न्हाई व्हय? आन तुझ्यासंगं राहील कोण तितं? सासू तर न्हाई तुला."

"मी राहीन," बाळाबाई म्हणाली.

एवढ्या वर्सांत म्या तिचा आवाज नवऱ्यापुढं कवा ऐकला न्हवता. आनंदराव गरकन फिरला.

"तू? लेकीच्या घरचं पाणी पिणार? मूल न्हाई झालं अजून तिला."

आमच्याकडं हीबी रीत हाय. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई.

"हंडा घिऊन जाईन हितनं," बाळाबाई म्हणाली. "भाकरी माझ्या पिठाची करीन. तुमची रीत मोडत न्हाई."

"अगं पर..."

"थोरल्या जाऊबाईंना तुमीच नेलं व्हतं ना डोलीतनं?" ती म्हणाली. आवाज चढला न्हाई, उलट खाली गेला. "मूल झालं, वार आली न्हाई. तुमी पुढच्या बाजूनं धरली व्हती. खिंडीत पोचेस्तोवर गेल्या. तवा समदी म्हणाली, गाडी न्हवती म्हणून गेल्या. आता दारात गाडी हाय. आता काय म्हणणार?"

आनंदरावाच्या हातातली शेंग तशीच राह्यली. पर लाजेनं राह्यली असं मला वाटलं न्हाई. बायको बोलली ह्याचाच त्याला धक्का बसला व्हता.

तिसऱ्या दिवशी अमृत मित्राची गाडी घिऊन आला. शेफाली बसली, बाळाबाई बसली, पायापाशी पितळी हंडा, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. माऊली रस्त्याकडंला उभा व्हता. म्हणाला, "म्या सोडली असती की नसरापूरला. आता कुठं विटाळ हाय?" शेफालीनं काच वर घेतली.

शेफालीची कागदपत्रं आणायला मी केंद्रावर गेले तवा शुभांगी सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. म्या खरं सांगून टाकलं, बोलणं झालं न्हवतं म्हणून. ती रागावली न्हाई. म्हणाली, "बाकीच्या अकरा कार्डांचं काय?" त्यापरीस चपलंनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी शेफालीला कळा आल्या. मी पहिल्या एसटीनं खाली गेले, वेल्हे, विंझर, नसरापूर. केंद्राच्या दारातल्या झाडाखाली रुग्णवाहिका उभी व्हती, ड्रायव्हर वर्तमानपत्र वाचत व्हता. म्या त्याला दोनदा विचारलं, "गाडी चालू व्हतीय ना?" त्यानं वैतागून चावी फिरवून दाखवली.

दुपारी पावणेचारला मुलगी झाली. दोन किलो नऊशे. सिस्टरनं लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, धा मिंटांत वार आली, सगळी, ताटात पसरून बघितली. रक्त जेवढं जायचं तेवढंच गेलं. टाकाबी पडला न्हाई. बाळ छातीवर चढून दूध शोधायला लागलं. बाळाबाई बाहेर आली, नळाखाली ओंजळ धरली आन घटाघटा पाणी प्याली. हंड्याकडं बघितलंबी न्हाई. दोन दिवसांनी घरी सोडलं.

काय झालं न्हाई. काहीच झालं न्हाई.

आन हेच माझ्या उरावर बसलं. गावात आले तर पारावर आनंदराव सांगत व्हता, "काय झालं मंग? फुलासारखी मोकळी झाली. हितंच झाली असती. ह्या संजीवनीनं उगं भिववलं आन माझी रीत मोडली." बसलेली समदी माझ्याकडं बघून हसली. माऊली तर पेढे वाटत व्हता, जणू त्याचीच नात. मलाबी पेढा पुढं केला, वरनं सोडला, हाताला हात न लागंल असा. म्या मूठ उघडलीच न्हाई. पेढा मातीत पडला.

आता ह्या लोकांना कसं सांगायचं? बाई मेली असती तर म्हणाले असते, तिचं नशीब. जगली तर म्हणत्यात, काय गरज व्हती. म्हणजे काय झालं तरी माऊलीची गाडी बरोबर आन बाई चूक. म्या घरी जाऊन अकरा कार्डांची नोंदवही काढली. त्यातल्या समद्या बाळंत झालेल्या, पर तिघींना पुन्हा दिवस गेलेले. तिघींच्या दारात गेले, माऊलीचा नंबर खोडला, का खोडला ते सांगितलं. एका सासूनं मला सांगितलं, "लई शहाणी झाली तू." दुसरीनं दार लावलं. तिसरीनं मात्र सुनेला पुढं बसवून नीट ऐकवलं.

मंग दोन म्हैने गेले आन माऊलीनं निरोप धाडला. त्याची लेक राजनंदिनी माहेरी आली व्हती. पयलं बाळंतपण, सातवा सरलेला. मला वाटलं, आता बघू. आता स्वतःच्या रक्ताची गोष्ट हाय. माणूस कितीबी घाण असला तरी लेकीपुढं वितळतो. खोटं कशाला बोलू, मला त्याची जिरलेली बघायची व्हती.

पडवीत बसले. कागदी कपात चहा आला. म्या बाजूला सारला. राजनंदिनी दारात उभी, लग्नातल्या हिरव्या बांगड्या अजून हातात, पोटावर दोन्ही हात. रक्त चांगलं, बीपी चांगलं, बाळ चांगलं. समदं लिवून काढलं. मंग तो रकाना आला.

"गाडी?" म्या विचारलं.

"हाय की दारात," माऊली म्हणाला. बोलेरो उन्हात चकाकत व्हती.

"बाळंत व्हायच्या आदी न्हवं. नंतर लागली तर. रक्त जायला लागलं तर. कोणती गाडी?"

त्याची बायको आत गेली.

म्या कार्ड आन पेन त्याच्यापुढं सरकवलं. "मी लिवणार न्हाई. तुमच्या हातानं लिवा. नाव आन नंबर."

माऊलीनं पेन घेतलं. अंगणात गाडीकडं बघितलं. काचेतनं वाघजाई त्याच्याकडं बघत व्हती. त्यानं घाम पुसला, कार्ड मांडीवर घेतलं, आन लई वेळ लावून, शाळकरी पोरासारखं एकेक आकडा गिरवून लिवलं. कार्ड माझ्याकडं परत दिलं.

म्या बघितलं. एकशेआठ.

ज्याच्या दारात गाडी उभी, त्यानं स्वतःच्या लेकीसाठी टेकाड चढून, रेंज शोधून लावायचा, कुठं हाय न्हाई ठाऊक नसलेल्या गाडीचा नंबर लिवला.

राजनंदिनी पुढं आली. तिनं माझ्या हातातनं कार्ड घेतलं, वाचलं. बापाकडं बघितलं. तो चाकाकडं बघत व्हता, चिखल बिखल काय न्हवता तरी.

"संजीवनीकाकू," ती म्हणाली, "शेफालीताई गेली त्या केंद्राचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"हाय," म्या सांगितलं.

तिनं पेन उचललं, एकशेआठखाली जागा केली आन म्हणाली, "सांगा."